एका रेंडरच्या चार प्रती

सकाळी ७.३०

आदल्या दिवशी लावलेलं रेंडर पहाटेच संपलेलं असतं, पण मी ते उठल्या उठल्या मोबाइलवर बघत नाही. ऑफिसचा पडदा सुरू करून अर्धा तास तापू देते आणि मगच फाइल उघडते. आज काम आहे अंबड रोडवरच्या एका रो-हाउस योजनेचं. चार दृश्यं आहेत: रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग, तोच भाग संध्याकाळच्या उजेडात, दिवाणखाना, आणि वरून दिसणारी सगळी वसाहत. संध्याकाळपर्यंत ही दृश्यं चार ठिकाणी पोहोचवायची आहेत. एक प्रत योजनेच्या संकेतस्थळावर, दोन ए-वन बोर्ड साइट ऑफिसात, एक २० बाय १० फुटांचं फ्लेक्स अंबड चौफुलीवर, आणि एक ईमेल बिल्डरच्या पुण्यातल्या भागीदाराला.

चौघांनाही एकच फाइल देऊन टाकावी असं वाटणं साहजिक आहे. ती चौघांपैकी एकालाही नीट लागू पडत नाही, म्हणून माझा अख्खा दिवस या एका गोष्टीत जातो: मूळ फाइल एक, आणि प्रत्येक ठिकाणासाठी तिच्यावरून शेवटच्या पायरीला काढलेली वेगळी प्रत.

मूळ फाइल ईएक्सआर प्रकारची. तिच्यात प्रत्येक रंगाला १६ बिट असतात आणि उजेडाचे आकडे कुठेही कापलेले नसतात. खिडकीतून येणारं ऊन पांढरंफटक दिसत असलं तरी आतला तपशील शिल्लक असतो, एक्स्पोजर खाली आणलं की परत दिसतो. जेपीईजीत तो एकदा गेला की गेला. ईएक्सआरमधले आकडे रेषीय असतात, म्हणून चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर चित्र काळोखं दिसतं. ते बिघडलेलं नसतं, फक्त पडद्यासाठीचा वक्र त्याला लागलेला नसतो.

टोन, उजेड, थोडी स्वच्छता झाली की १६ बिटांची टिफ करून ठेवते, एसआरजीबी प्रोफाइल आत बसवून. अॅडोब आरजीबी का नाही, असं शिकाऊ मुलं विचारतात. त्याची रंगकक्षा मोठी आहे हे खरं. पण माझी टेक्स्चर एसआरजीबीची, रंग निवडले ते एसआरजीबीत, रेंडरही त्यातच झालं. मोठ्या भांड्यात ओतल्याने रंग वाढत नाहीत. वाढतो तो धोका: प्रोफाइल वाटेत कुठे गळून पडलं, तर अॅडोब आरजीबीचे आकडे ब्राउझर एसआरजीबी समजून वाचतो आणि हिरवळ मळकट, भिंती निस्तेज दिसतात.

सकाळी ९

रिझोल्यूशनचा निर्णय खरं तर काल सकाळीच, रेंडर लावण्याआधी झाला होता. मला तो दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो, कारण नंतर पिक्सेल वाढवता येत नाहीत, फक्त ताणता येतात.

छापणारे भाऊ नेहमी एकच वाक्य म्हणतात, “ताई, ३०० डीपीआयची फाइल द्या.” त्यांच्या म्हणण्यात चूक नाही, पण ते अर्धंच आहे. ३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या मासिकाचा. साधारण निरोगी डोळा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखतो. त्यावरून सरळ हिशोब निघतो: बघणारा जितक्या इंचांवर उभा असेल, तितक्याने ३४३८ ला भागा. येईल तेवढे पिक्सेल दर इंचाला पुरतात. १२ इंचांवर धरलेल्या मासिकाला २८६ लागतात, तिथूनच तो ३०० आला. बोर्डासमोर माणूस अडीच फुटांवर, म्हणजे ३० इंचांवर उभा राहतो. त्याला ११५ पुरतात. चौफुलीवर सिग्नलला थांबलेला मोटरसायकलवाला फ्लेक्सपासून फार जवळ आला तरी १५ फुटांवर असतो. त्याला १९ पुरतात.

आता ए-वन बोर्ड ८४१ मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर समास सोडला तर चित्राला ८०१ उरतात, म्हणजे साडेएकतीस इंच. मी रेंडर ६००० बाय ३३७५ पिक्सेलचं काढलं. ६००० ला ३१.५ ने भागलं की दर इंचाला १९० येतात. गरज ११५ ची, म्हणजे कोणी चष्मा वर करून दीड फुटावर वाकला तरी पुरेल. फ्लेक्सची रुंदी २४० इंच. ६००० भागिले २४० म्हणजे २५. तिथे गरज १९ ची. एकाच रेंडरमध्ये दोन्ही बसतात.

बोर्ड सक्तीने ३०० वर न्यायचा ठरवला असता तर साडेनऊ हजार पिक्सेल रुंदी लागली असती. पिक्सेल अडीच पट, आणि रेंडरचा वेळ जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. एका दृश्याला पाच तास लागत असतील तर साडेबारा. चार दृश्यांचे ५० तास होतात. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना, कोणाच्याही डोळ्याला न दिसणाऱ्या तपशिलासाठी यंत्र दोन दिवस जुंपून ठेवण्यात अर्थ नाही.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. फोटोशॉपमध्ये `Image Size` उघडून `Resample` ची खूण काढली आणि ७२ च्या जागी ३०० लिहिलं, तर चित्रात काहीही बदलत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त फाइलवरची चिठ्ठी बदलते. खूण तशीच ठेवून ३०० लिहिलं तर सॉफ्टवेअर पिक्सेल स्वतःच्या अंदाजाने भरतं: फाइल फुगते, विटांच्या सांध्यांचं मेण होतं. म्हणून फाइल देताना मी डीपीआय सांगतच नाही. पिक्सेल आणि छापायचा आकार, एवढंच लिहून देते.

सकाळी १०.३०

आधी सोपं काम, संकेतस्थळाचं. पानावर चित्र १२०० पिक्सेल रुंदीत दिसणार आहे. नव्या मोबाइल आणि लॅपटॉपचे पडदे दाट असतात, म्हणून दुप्पट, २४०० ची प्रत. त्याहून मोठी देण्यात फायदा नाही. या योजनेचं गिऱ्हाईक घनसावंगीहून किंवा परतूरच्या वाटेवरून मोबाइलच्या जाळ्यावर पान उघडणार आहे. आठ एमबीचं चित्र अर्धं उतरेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

```
magick master.tif -resize 2400x -profile sRGB.icc -depth 8 -quality 82 web_2400.jpg
exiftool -ProfileDescription web_2400.jpg
```

पहिली ओळ प्रत काढते. दुसरी ओळ प्रोफाइल आत आहे की नाही हे विचारते. `sRGB IEC61966-2.1` असं उत्तर आलं की ठीक. काहीच आलं नाही तर प्रोफाइल वाटेत गळालं, आणि मोठ्या रंगकक्षेच्या पडद्यांवर रंग भडक दिसण्याची शक्यता उरते. काही संकेतस्थळं चित्र चढवताना प्रोफाइल काढून टाकतात, म्हणून चढवल्यावर चित्र परत उतरवून हीच ओळ मी पुन्हा चालवते. संकेतस्थळ चालवणारा मुलगा वेबपी प्रतही मागतो. ती त्याच दर्जाला जेपीईजीपेक्षा पाव ते तृतीयांश हलकी होते, म्हणून देते. जमिनीचा नकाशा मात्र पीएनजीत. सपाट रंग आणि बारीक रेषा असल्या की जेपीईजी अक्षरांभोवती धूळ उडवतं, आणि अशा चित्राला पीएनजी हलकीही पडते. रेंडरला पीएनजी देण्यात उलट नुकसान: ६००० रुंदीची फाइल तीस-चाळीस एमबीला जाते आणि डोळ्याला फरक काहीच नाही.

दुपारी १२

आता बोर्ड. इथे प्रश्न पिक्सेलचा नसून रंगाचा आहे, आणि दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथेच देते.

पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावरचे काही रंग शाईत बसतच नाहीत. बिल्डरला हिरवळ हवी असते ती मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या रानासारखी लख्ख. आमच्याकडे वर्षातले आठ महिने माळ करडा असतो, म्हणून ही हौस मला समजते. पण तोच लख्ख हिरवा सीएमवायकेच्या बाहेर पडतो. संध्याकाळच्या दृश्यातलं गडद निळं आकाश तर त्याहून अवघड: रूपांतरात ते जांभळ्याकडे वळतं. सियान आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले की निळ्याचा जांभळा होतो. मॅजेंटा सियानपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवला की निळा निळाच राहतो.

हे छापायच्या आधी बघण्याची सोय आहे. फोटोशॉपमध्ये छापणाऱ्याचं प्रोफाइल निवडून `Proof Colors` सुरू करते, मग `Gamut Warning`. शाईत न बसणारा भाग करड्या रंगाने झाकला जातो. आज अपेक्षेप्रमाणे समोरची हिरवळ आणि संध्याकाळच्या आकाशाचा वरचा तुकडा झाकला गेला. सगळ्या चित्राची रंगत मी खाली आणत नाही, कारण त्याने भिंतींचा उबदार पांढराही मरतो. फक्त हिरवळीवर मास्क लावून तिची रंगत उतरवते आणि छटा किंचित पिवळ्याकडे नेते. मग डोळ्याला ती वाळलेली वाटत नाही, उन्हातली वाटते. आकाश सियानकडे ढकलते. करडा डाग पूर्ण जायलाच हवा असा माझा हट्ट नसतो. तो विरळ झाला की पुरे. उरलेलं काम रूपांतराचं: रिलेटिव्ह कलरिमेट्रिक पद्धत, काळ्या टोकाची भरपाई चालू ठेवून.

पण छापणाऱ्याचं प्रोफाइल आणायचं कुठून? फोग्रा ३९ नावाचं प्रोफाइल सगळीकडे मिळतं, आणि ते गुळगुळीत कागदावरच्या ऑफसेट छपाईचं आहे. आमचा बोर्ड ऑफसेटवर छापला जात नाही. तो इंकजेटवर व्हिनाइलवर निघतो आणि पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवतात. म्हणून फोग्रावर बघितलेलं चित्र अंदाजापुरतं. दुकानातल्या यंत्राला स्वतःचं रंगरूपांतर करणारं रिप सॉफ्टवेअर असतं. ते कुठून कुठे नेतं, हे भाऊंना विचारून घ्यावं लागतं.

म्हणून फोन.

“भाऊ, बोर्डाची फाइल आरजीबीत देऊ का सीएमवायकेत?”

“सीएमवायकेतच द्या ताई. आरजीबी दिलं तर रंग बदलतो.”

“रिपमध्ये आरजीबीला कोणतं प्रोफाइल लावलंय, तेवढं बघून सांगता का?”

थोड्या वेळाने उत्तर आलं: एसआरजीबी. म्हणजे आरजीबी फाइल तिथे नीट वाचली जाते. इंकजेटची रंगकक्षा ऑफसेटहून बऱ्याचदा मोठी असते. मीच आधी फोग्रात रूपांतर करून दिलं तर जो हिरवा त्यांच्या यंत्राला जमला असता तोही मी कापून टाकलेला असतो, आणि वर रिप दुसऱ्यांदा रूपांतर करतं. रूपांतर एकदाच व्हावं, आणि यंत्र ज्याला कळतं त्याच्याकडे व्हावं. ज्या दुकानात रिपचं हे सेटिंग कोणाला माहीत नाही, तिथे मात्र मी सीएमवायकेच देते. निदान जांभळं आकाश माझ्या डोळ्यांदेखत तरी ठीक होतं.

तरीही शब्दावर भागत नाही. ए-फोर आकाराची एक नमुनापट्टी बनवते. तिच्यात हिरवळीचा तुकडा, आकाश, लाकडी दार, पांढरी भिंत आणि एक निव्वळ करडा चौकोन. सगळं बोर्डावर येणार त्याच मापात, लहान करून नाही. आणि एकच पट्टी दोनदा छापायला सांगते: एक आरजीबीतून, एक सीएमवायकेतून.

दुपारी २.३०

जेवण उरकून दुकानात. पट्टी आधी दारात, उन्हाच्या आडोशाला धरून बघते, मग आत ट्यूबलाइटखाली. साइट ऑफिसात ट्यूबलाइटच आहे, म्हणून निर्णय तिथला. आरजीबीच्या पट्टीत हिरवळ जास्त जिवंत आली, सीएमवायकेच्या पट्टीत लाकूड थोडं तांबूस. करडा चौकोन दोन्हींत करडाच राहिला, ही चांगली खूण. तो गुलाबी किंवा हिरवट झाला असता तर पांढऱ्या भिंतीही तशाच झाल्या असत्या, आणि तेव्हा चित्र दुरुस्त करून उपयोग नसतो, यंत्राचा समतोल तपासावा लागतो.

छज्ज्याखालची सावली मात्र दोन्हींत बुजली. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. बहुतेकांचे पडदे गरजेपेक्षा फार प्रखर ठेवलेले असतात, म्हणून छापील चित्र काळवंडल्याची तक्रार नेहमीची. माझा पडदा मी यंत्राने मोजून १२० कँडेलावर ठेवते, तरी व्हिनाइलवर सावल्या एक पायरी वर उचलाव्या लागतात. त्यात मॅट लॅमिनेशन काळ्याला राखाडी करतं, ग्लॉसी त्याला गडद ठेवतं पण ट्यूबलाइटची रेघ चमकवतं. बोर्ड दिव्यासमोर टांगणार, म्हणून मॅट घेतलं आणि सावल्यांतला तपशील थोडा जास्त उघडला.

बोर्डाची अंतिम फाइल पीडीएफ: चित्र आरजीबीत प्रोफाइलसह, अक्षरं आणि मोजमापं व्हेक्टर. अक्षरं चित्रातच वितळवून दिली की १९० च्या घनतेत बारीक आकडे कडांना विरतात. चित्राला जे चालतं ते अक्षराला चालत नाही.

दुपारी ४

फ्लेक्स. भाऊ म्हणतात, “निदान ७२ तरी करा.” २० बाय १० फूट, ७२ ने: १७२८० बाय ८६४० पिक्सेल. सीएमवायकेत उघडी फाइल सहाशे एमबीच्या आसपास. कोरलड्रॉ हलायचं थांबतं, आणि १५ फुटांवरून फरक शून्य. मी ६००० बाय ३००० कापून दशांश मापात देते: २४ बाय १२ इंच, २५० ने. पिक्सेल तेच. दुकानात दहापट केलं की २५ होतात. भाऊंना २५० हा आकडा बघून बरं वाटतं आणि यंत्रालाही जड जात नाही.

फ्लेक्सवर एक दोष हमखास दिसतो, तो आकाशात. आठ बिटांत एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. आकाश वरून क्षितिजापर्यंत त्यांतल्या ४० च पायऱ्या उतरत असेल आणि त्याची उंची १५०० पिक्सेल असेल, तर एकेक पट्टा सदतीस-अडतीस पिक्सेलचा पडतो. फ्लेक्सवर तो दीड इंच रुंद होतो, आणि आकाशाला शिडीसारख्या रेघा दिसतात. त्यावर उपाय म्हणजे १६ बिटांतच आकाशावर अगदी बारीक दाणा टाकणं आणि त्यानंतर आठ बिटांवर येणं. दाण्याने पायऱ्यांच्या कडा मोडतात. आठ बिटांवर आल्यावर धूसर करून काही होत नाही, पट्टे तसेच राहतात.

१ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातींवर नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. तो कोड मी चित्रात कधीच मिसळत नाही. वेगळा व्हेक्टर म्हणून देते, फक्त काळ्या शाईत. चार शाया मिसळून केलेला काळा यंत्रात जरासा सरकला की चौकोनांच्या कडांना रंग फुटतात आणि मोबाइल तो वाचत नाही. मापाचा ढोबळ नियम असा, की अंतराच्या दहाव्या भागाएवढा कोड. १५ फुटांसाठी दीड फुटाचा. बिल्डरला तो मोठा वाटतो, त्याला हे अंतर मोजून दाखवावं लागतं.

संध्याकाळी ५.३०

पुण्याच्या भागीदाराची ईमेल. जीमेलची जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी, पण पाठवताना फाइल अक्षरांत बदलली जाते आणि तृतीयांशाने फुगते. खरी मर्यादा अठराच्या घरात. मला तेवढं लागतही नाही. चार दृश्यं, प्रत्येकी २००० पिक्सेल, एसआरजीबी, जेपीईजी, मिळून तीन-चार एमबी. ते मोबाइलवरच बघणार. सीएमवायके जेपीईजी मोबाइलवर गेली तर कुठे रंग उलटतात, कुठे फाइल उघडतच नाही. टिफचंही तेच. ईमेलमध्ये दोन ओळी लिहिते: ही पडद्यासाठीची प्रत आहे, छपाईला देऊ नये, छापील हिरवा आणि निळा यापेक्षा शांत येईल, नमुनापट्टी बघून मंजूर केला आहे.

“छपाईला देऊ नये” हे कळकळीने लिहावं लागतं. चित्र व्हॉट्सअॅपवर फिरतं, कोणीतरी तेच छापणाऱ्याला पुढे पाठवतं. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे साधारण १६०० पिक्सेलवर येतो. बोर्डाच्या साडेएकतीस इंचांवर ते दर इंचाला ५१ होतात, गरज ११५ ची. मग “रेंडरच फाटलं” असा बोल लागतो. व्हॉट्सअॅपनेच पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं, फाइल आहे तशी जाते. ओळखायला सोपं आहे: आलेल्या फाइलचं नाव `WhatsApp Image` ने सुरू होत असेल तर ती छपाईची नव्हे. मी नावातच ठिकाण घालते: `darshani_WEB_2400_sRGB.jpg`, `darshani_BOARD_A1_RGB.pdf`, `darshani_FLEX_20x10ft_1-10.tif`.

संध्याकाळी ७

ईएक्सआर आणि १६ बिटांची टिफ दोन वेगळ्या डिस्कवर जाते. बाकी प्रती मी जपत नाही, त्या पुन्हा काढता येतात. नमुनापट्टी मात्र फाइलला लावून ठेवते, पाठीमागे तारीख, व्हिनाइलचा प्रकार आणि लॅमिनेशन लिहून. सहा महिन्यांनी याच योजनेचा दुसरा टप्पा आला की हिरवा कुठवर उतरवायचा हे ती पट्टी सांगते.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: नमुनापट्टीचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी वेगळी ओळ करून लिहा. बोर्ड छापून झाल्यावर त्यासाठी कोणी पैसे देत नाही.